पाल्व्हर नावाचा शेतकरी

आयझॅक असिमॉव्हच्या 'सेकंड फाउंडेशन'मध्ये चौदा वर्षांची आर्केडिया डॅरेल कॅल्गन ग्रहावरच्या अंतराळतळावर एकटीच अडकते. मागे पोलीस, पुढे रांग, हातात तिकीट, पण जायचं कुठे याचा पत्ता नाही. गर्दीत ती एका जोडप्यावर आदळते. बाई गोल, प्रेमळ, बडबडी. तिचा नवरा ट्रॅन्टॉरवरच्या एका शेतकरी सहकारी संस्थेचा प्रतिनिधी, मालाच्या व्यवहारासाठी आलेला. घरात त्याला कुणी फारसं विचारत नसावं असं वाटायला लावणारा गृहस्थ. नाव प्रीम पाल्व्हर. दोघं मिळून पोरीला पोलिसांच्या तावडीतून सोडवतात आणि ट्रॅन्टॉरला आपल्या शेतावर नेतात. वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो आणि पुढे जातो. पुस्तकाच्या अगदी शेवटी, सगळी कोडी सुटली असं वाटत असताना कळतं, की दीर्घिकेच्या इतिहासाचे दोर पडद्याआडून हलवणाऱ्या गुप्त संघटनेचा प्रमुख म्हणजे हाच भाजीपाला विकणारा पाल्व्हर.

(ज्यांना ही मालिका वाचायची आहे आणि अजून वाचलेली नाही, त्यांनी हा लेख इथेच मिटून ठेवावा. रसग्रहण करायचं तर रहस्य फोडावंच लागतं.)

हा प्रसंग छापून आला तो 1949-50 मध्ये, 'अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन' या मासिकात. पुढे त्रेचाळीस वर्षांनी, 1993 मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर 'फॉरवर्ड द फाउंडेशन' ही कादंबरी आली. कथेच्या काळात ती पाल्व्हरच्या आधी सुमारे पावणेचारशे वर्षं घडते. तिच्यात सायकोहिस्टरीचा जनक असलेल्या म्हाताऱ्या हॅरी सेल्डनला एक तरुण भेटतो. त्याला दुसऱ्याच्या मनावर किंचित दाब देता येतो. सेल्डनच्या नातीबरोबर, वांडाबरोबर, तो त्या गुप्त संघटनेचा, म्हणजे दुसऱ्या फाउंडेशनचा, पाया घालतो. त्याचं नाव स्टेटिन पाल्व्हर.

जुन्या वाचकाला हे आडनाव दिसलं की तो मनात हसतो. अच्छा, म्हणजे आमच्या शेतकरीबुवांचा हा मूळपुरुष तर! बारीक नजरेच्या वाचकाला आणखी एक गंमत सापडते. कॅल्गनचा जो हुकूमशहा आर्केडियाच्या मागे लागलेला असतो, त्याचं नाव लॉर्ड स्टेटिन. म्हणजे असिमॉव्हने आपल्याच जुन्या कथेतल्या खलनायकाचं नाव आणि शेतकऱ्याचं आडनाव एकत्र करून नवा माणूस उभा केला. पण ज्याने काळाच्या क्रमाने, म्हणजे 'फॉरवर्ड' आधी आणि 'सेकंड फाउंडेशन' नंतर वाचलं, त्याचं काय होतं? अंतराळतळावर तो गृहस्थ आपलं नाव सांगतो आणि तिथेच खेळ संपतो. ज्या वाक्याने चाळीसहून जास्त वर्षं वाचकांना चकवलं, त्या वाक्यातला चकवा एका आडनावाने आधीच उघडा पडलेला असतो. उरलेलं अर्धं पुस्तक वाचक आर्केडियाच्या पुढे चार पावलं असतो, आणि पुढे असणाऱ्याला धडधड होत नाही.

मोठ्या मालिकांच्या वाचकांमध्ये हा वाद कायमचा आहे: पुस्तकं छापली गेली त्या क्रमाने वाचावीत, की कथेतला काळ धरून? फाउंडेशनच्या बाबतीत तो जास्तच चिघळतो, कारण ही मालिका दोन्ही बाजूंना वाढत गेली. 1942 ते 1950 या काळात मासिकातल्या कथा आल्या. त्यांची 1951, 1952 आणि 1953 मध्ये तीन पुस्तकं झाली. मग तीस-एक वर्षं काही नाही. 1982 आणि 1986 मध्ये पुढची कथा सांगणारी दोन पुस्तकं, आणि 1988 व 1993 मध्ये मागे जाऊन सेल्डनचं आयुष्य सांगणारी दोन. त्यातच लेखकाने आपल्या यंत्रमानवांच्या आणि साम्राज्याच्या वेगळ्या कादंबऱ्याही याच धाग्यात ओवल्या. 'प्रील्यूड टू फाउंडेशन'च्या आरंभी त्याने स्वतःच चौदा पुस्तकांची यादी दिली, भविष्यातल्या इतिहासाच्या क्रमाने. ती देताना तो म्हणतो, की पुस्तकं ज्या क्रमाने वाचायला हवीत त्या क्रमाने लिहिली गेलेली नाहीत. मात्र या वाक्यात त्याने कंसात एक 'कदाचित' घालून ठेवला आहे. कालक्रमवाल्यांनी यादी उचलली, 'कदाचित' तिथेच सोडला. आज काही याद्यांत 'प्रील्यूड' पहिल्या क्रमांकावर दिसतं ते याच परंपरेतून.

आता कुणी म्हणेल, शेवट माहीत असला म्हणून बिघडलं कुठे? आपल्याकडे कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला सीतास्वयंवरात धनुष्य कोण उचलणार हे ठाऊक असतं, तरी माणसं हलत नाहीत. खरं आहे. गोष्ट कोणत्या रसावर उभी आहे यावर ते अवलंबून असतं. फाउंडेशनचा पाया मात्र कोड्याचा आहे, आणि न कळणं ही त्या जगातल्या शास्त्राचीच अट आहे. सेल्डनची सायकोहिस्टरी म्हणजे माणसांच्या प्रचंड समूहाचं गणित. एकेका माणसाचं वागणं सांगता येत नाही, पण अब्जावधींचं सांगता येतं. अट एवढीच, की त्या समूहाला आपलं भविष्य काय वर्तवलंय ते कळता कामा नये. कळलं की माणसं वागणं बदलतील आणि गणित कोसळेल. म्हणूनच टर्मिनसवर एक लाख माणसं पाठवताना सेल्डन त्यांच्यात मानसशास्त्राचे जाणकार जवळजवळ ठेवतच नाही. पुढे टर्मिनसचा महापौर सॅल्व्हर हार्डिन याला हीच उणीव खटकते आणि तिथून त्याला संशयाचा धागा सापडतो.

हार्डिनचा तो भाग जवळून पाहण्यासारखा आहे. टर्मिनस हा दीर्घिकेच्या काठावरचा, धातू नसलेला, उजाड ग्रह. तिथे विद्वान मंडळी पन्नास वर्षं ज्ञानकोश रचत बसली आहेत. शेजारची राज्यं साम्राज्यातून फुटून दात विचकत आहेत. साम्राज्याचा एक बडा मुत्सद्दी, लॉर्ड डॉर्विन, येऊन तोंड भरून आश्वासनं देतो. हार्डिन त्याचं सगळं बोलणं तर्कशास्त्राच्या चिन्हांत मांडून तपासायला देतो. अर्थहीन भाग वगळत गेल्यावर हाती शून्य राहतं: त्या माणसाने पाच दिवसांत एकही गोष्ट कबूल केलेली नसते. मग ठरलेल्या दिवशी सेल्डनने मागे ठेवलेली काळकोठी उघडते. काचेच्या पेटीत चाकाच्या खुर्चीवरचा एक म्हातारा प्रकटतो, मांडीवर पुस्तक. मी तुम्हाला पाहू शकत नाही, असं तो सांगतो. कुणी उभं असेल तर बसा म्हणतो, आणि सिगारेट ओढायची असेल तरी माझी हरकत नाही, कारण मी इथे नाहीच. सभेत हलकं हसू उमटतं. मग तितक्याच शांतपणे तो सांगतो, की ज्ञानकोश हे थोतांड होतं.

या क्षणी वाचक कुठे बसलेला असावा? माझ्या मते त्या सभेत, विश्वस्तांच्या मागच्या रांगेत. त्यालाही पन्नास वर्षं फसवलं गेल्याचा झटका बसला पाहिजे. ज्याने 'प्रील्यूड' आणि 'फॉरवर्ड' आधी वाचली तो तिथे नसतो. तो सेल्डनबरोबर त्याच्या खोलीत बसून आलेला असतो. योजनेच्या रात्री, माणसांची जुळवाजुळव, पैशांची चणचण, वांडाची शक्ती, दुसऱ्या फाउंडेशनचं खरं स्वरूप, सगळं त्याला ठाऊक असतं. काळकोठीतला म्हातारा त्याच्या ओळखीचा निघतो. आणि ओळखीचा माणूस प्रेषितासारखा बोलू लागला की जरा अवघडल्यासारखं होतं.

गंमत अशी, की छापील क्रमाचे कैवारी ज्या पहिल्या पुस्तकाची शपथ घेतात, त्याचा पहिला भागसुद्धा पूर्वकथाच आहे! 'द सायकोहिस्टोरियन्स' हे प्रकरण मासिकात कधी आलंच नव्हतं. 1951 मध्ये नोम प्रेसने कथा पुस्तकात आणायचं ठरवलं तेव्हा सुरुवात फार अचानक होते असं वाटलं, म्हणून असिमॉव्हने ते नव्याने लिहिलं. बाकी सगळ्या कथा लिहून झाल्यावर. म्हणजे 1942 च्या मासिकवाचकाला गाल डॉर्निक माहीत नव्हता, सेल्डनचा खटला माहीत नव्हता.

तरीही या प्रकरणाने नंतरचं काहीच बिघडत नाही. उलट ते नसतं तर काहीतरी हरवल्यासारखं वाटलं असतं. याचं कारण बघण्यासारखं आहे. असिमॉव्ह सेल्डनच्या डोक्यात शिरतच नाही. तो कथा सांगतो ती गाल डॉर्निकच्या नजरेतून. गाल हा खेड्यातून राजधानीत आलेला हुशार पोरगा. सिनॅक्स नावाच्या कुठल्याशा आडबाजूच्या ग्रहावरून येतो, ट्रॅन्टॉरची पोलादी छतं पाहून दिपतो, दुसऱ्या दिवशी अटकेत पडतो. सेल्डन आयोगापुढे उभा राहून सांगतो, की तीनशे वर्षांत ट्रॅन्टॉर भग्न होईल आणि पुढे तीस हजार वर्षांचा अंधार येईल. तो टाळता येणार नाही, पण हजार वर्षांवर आणता येईल. आयोग त्याला हद्दपार करतो. खटल्यानंतर गालला आणि आपल्याला कळतं, की ही हद्दपारीसुद्धा सेल्डनच्याच गणितात बसलेली होती. दुसऱ्या फाउंडेशनबद्दल सेल्डन जाता जाता बोलतो आणि तिथेच थांबतो. गालला त्याहून जास्त कळत नाही, म्हणून आपल्यालाही नाही.

म्हणजे नंतर लिहिलेली पूर्वकथा ही वाईटच असं नाही. प्रश्न ती कुणाच्या डोळ्यांनी सांगितली याचा आहे. 1951 च्या पूर्वकथेत निवेदक उंबऱ्यावर थांबलेला आहे. 1988 आणि 1993 च्या पुस्तकांत तो थेट माजघरात शिरतो. 'प्रील्यूड'मध्ये बत्तीस वर्षांचा सेल्डन परिषदेत निबंध वाचायला ट्रॅन्टॉरवर येतो, आणि मग या विभागातून त्या विभागात जीव मुठीत धरून पळत राहतो. छतावर गारठून मरायची वेळ येते, डाहलच्या गल्लीत सुऱ्यांशी गाठ पडते. वाचायला मजा येते, नाही असं नाही. पण आपण पूर्ण वेळ त्याच्या मनात राहतो, आणि त्याच्या मनात सगळ्यात मोठी गोष्ट असते ती शंका: हे शास्त्र कधी प्रत्यक्षात येईल का?

या शंकेमुळे मालिकेतला सर्वांत मोठा धक्का बोथट होतो. तो आहे म्यूलचा. पहिल्या पुस्तकापासून असिमॉव्ह वाचकाला हळूहळू एक सवय लावतो. संकट येतं, सगळे हातपाय गाळतात, आणि शेवटी दिसतं की सेल्डनच्या गणितात एकच वाट उघडी होती आणि तीच घेतली गेली. हार्डिनच्या वेळी तसं, व्यापाऱ्यांच्या वेळी तसं, साम्राज्याचा सेनापती बेल रिओस चालून आला तेव्हाही तसंच. इतकं, की थोडा कंटाळा यायला लागतो. तो कंटाळा संपादक जॉन कॅम्बेललाही आला असावा, कारण योजना एकदा उधळून लाव असा आग्रह त्यानेच धरला. मग 1945 मध्ये 'द म्यूल' आली. काळकोठीत सेल्डन प्रकटतो, नेहमीसारखाच निवांत, आणि बोलू लागतो एका यादवीबद्दल, जी झालेलीच नाही. बाहेर म्यूलची जहाजं उतरत असतात. आतले दिवे जातात. तीन शतकं लोक ज्याच्यावर विसंबले तो म्हातारा चुकीच्या संकटावर भाषण करतोय, हे ऐकणाऱ्यांच्या लक्षात येत जातं. संपूर्ण मालिकेत याहून भीतिदायक पान मला सापडलेलं नाही, आणि त्यात रक्ताचा थेंबही नाही.

छापील क्रमाने आलेल्या वाचकाच्या दृष्टीने या पानाआधी सेल्डन कधीच चुकलेला नसतो. कालक्रमाने आलेल्याने मात्र दोन जाडजूड पुस्तकं भरून त्याला अडखळताना, हरताना, आपल्या माणसांना वाचवू न शकताना पाहिलेलं असतं. त्याला काळकोठीतली चूक पाहून वाईट वाटेल, धक्का बसणार नाही. दुसरी गोष्ट म्यूलच्या शक्तीची. दुसऱ्यांच्या भावना वळवणारा माणूस या जगात पहिल्यांदाच अवतरतो, आणि तोही विदूषकाच्या वेषात आपल्याच जहाजात बसलेला असतो, म्हणून ती कथा चालते. वांडा आणि स्टेटिन आधी भेटलेले असले, तर असली मनं या विश्वात असतात हे वाचक गृहीत धरून चालतो. मग त्या विदूषकाच्या, मॅग्निफिकोच्या, मोठ्या नाकाकडे त्याची नजर जरा लवकरच वळते.

कालक्रमाच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 'फॉरवर्ड'मध्ये सेल्डनची एकेक माणसं जातात. बायको डॉर्स, डाहलच्या गल्लीतून आणलेला दत्तक मुलगा रेच. ते वाचून मग काळकोठीत गेलं, की सिगारेटचा तो विनोद वेगळा ऐकू येतो. इथे नसलेल्या माणसांना उद्देशून बोलायची त्या म्हाताऱ्याला सवय झाली असणार, असं मनात येतं. हा अर्थ 1942 च्या कथेत नव्हता. तो नंतरच्या पुस्तकाने मागे जाऊन पेरला. पण तो मिळायला 'फॉरवर्ड' आधी वाचायची गरज नाही. नंतर वाचून पुन्हा त्या पानाकडे गेलं तरी तो मिळतो, आणि पहिला धक्काही खिशात राहतो.

याउलट एका ठिकाणी फक्त कालक्रमाने अर्धवट वाचणारा सगळ्यात जास्त फसतो. 'प्रील्यूड'च्या शेवटी सम्राटाचा मंत्री डेमेर्झेल आणि सेल्डनचा पाठीराखा पत्रकार हमिन हे एकच, आणि तो माणूसच नाही तर आर. डॅनिल ऑलिव्हॉ नावाचा यंत्रमानव आहे, असं उघड होतं. ज्याने फाउंडेशनची सात पुस्तकंच काढून 'प्रील्यूड'पासून आरंभ केला, त्याला हे नाव ऐकून काय वाटणार? कोण हा डॅनिल? तो भेटतो 1954 च्या 'द केव्ह्ज ऑफ स्टील'मध्ये, न्यूयॉर्कच्या पोलादी शहरात, खून शोधायला निघालेल्या पोलिसाचा जोडीदार म्हणून. आणि तो वीस हजार वर्षं जगून आहे, हा गौप्यस्फोट 1986 च्या 'फाउंडेशन अँड अर्थ'च्या शेवटी होतो. म्हणजे 'प्रील्यूड'चा शेवट हा आधीच्या दोन वाटांवरून आलेल्या वाचकासाठी लिहिलेला आहे. पुस्तकावर एक हा आकडा छापल्याने ते पहिलं होत नाही.

माझा सल्ला विचारला तर तो असा: जुनी तीन आधी, छापली त्याच क्रमाने. मग थांबून 'द केव्ह्ज ऑफ स्टील' आणि 'द नेकेड सन', कारण डॅनिलची ओळख तिथे होते आणि दोन्ही आटोपशीर आहेत. ऐंशीच्या दशकातल्या यंत्रमानवांच्या दोन कादंबऱ्या वेळ असेल तर. त्यानंतर 'फाउंडेशन्स एज', 'फाउंडेशन अँड अर्थ', 'प्रील्यूड', आणि अगदी शेवटी 'फॉरवर्ड'. साम्राज्याच्या तीन जुन्या कादंबऱ्या कुठेही वाचा, न वाचल्या तरी चालेल. असिमॉव्हनंतर इतरांनी लिहिलेली पूर्वकथांची त्रयी मी या हिशेबात धरत नाही.

'फॉरवर्ड' शेवटी ठेवण्याचं एक कारण कथेच्या बाहेरचं आहे. 'फाउंडेशन अँड अर्थ' संपते ती एका टांगत्या प्रश्नावर. कादंबरीचा नायक ट्रेव्हाइझ याने मानवजातीचं भवितव्य ठरवलेलं असतं, आणि शेवटच्या ओळीत त्याची नजर फॅलम या सोलेरियावरच्या मुलाकडे जाते. ते मूल माणूस म्हणावं असं नाही, आणि तेच आपल्यातलं परकं असेल तर, ही शंका तिथेच राहते. पुढे काय, हे असिमॉव्हला सुचेना. सुचेना म्हणून तो मागे वळला आणि सेल्डनकडे गेला. त्यामुळे कालक्रमाने वाचलं तर चौदा-पंधरा पुस्तकांचा हा सगळा डोलारा फॅलमच्या डोळ्यांपाशी लटकून राहतो, कारण त्यापुढचं पुस्तक लिहिलंच गेलं नाही. छापील क्रमात मात्र शेवटचं पुस्तक आजारी असिमॉव्हने लिहिलेलं आहे. 1992 च्या एप्रिलमध्ये तो गेला, आणि वर्षभराने आलेल्या त्या पुस्तकात म्हातारा सेल्डन आपल्या गणितांवर काम करता करता संपतो.